क्लबात फोटो दाखवायला जाताय? आठ फोटो निवडा, चार प्रश्न लिहून न्या

कॅमेरा क्लबच्या महिन्याच्या बैठकीत नवीन माणूस लगेच ओळखू येतो. पेन ड्राइव्हमध्ये साठ-सत्तर फोटो असतात, आणि ते सगळे दाखवून झाले की प्रश्न एकच : "कसे वाटले?" उत्तरही ठरलेलं. "छान आहेत, चालू ठेवा." कुणी क्षितिज तिरपं असल्याचं सांगतं, कुणी रूल ऑफ थर्ड्सची आठवण करून देतं, आणि चहा येतो. पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन बाहेर पडल्यावर वेगळं नेमकं काय करायचं, हे मात्र त्या माणसाला कळलेलं नसतं.

यात क्लबवाल्यांचा दोष फारसा नसतो. साठ फोटो आणि एक मोघम प्रश्न दिला, तर कुणीही मोघमच बोलणार. मी या खोलीत दोन्ही बाजूंना बसलो आहे, त्यामुळे तयारी कशी करायची ते क्रमाने सांगतो. उदाहरण आमच्याकडे आलेल्या एका मुलाचं घेतो. बँकेत नोकरी, राहायला नागपुरात, धंतोलीत. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या घाऊक बाजारात उतरतात, तेव्हा पहाटे तिथे जाऊन त्याने फोटो काढले होते.

१. कुणाकडून काय मिळेल ते आधी ओळखा

क्लबात दहा-पंधरा जोड्या डोळे एकदम मिळतात. त्यांना तुमचा विषय माहीत नसतो, तुम्ही माहीत नसता, आणि हाच त्यांचा उपयोग आहे. फोटो अनोळखी माणसापर्यंत पोहोचतो का, हे तिथेच तपासता येतं. पण क्लबातले बरेच जण सॅलोन स्पर्धांत फोटो पाठवणारे असतात. तिथे परीक्षक एका फोटोला काही सेकंदच देतो, म्हणून एकेकटा, झटक्यात भिडणारा, कडेकोपरे स्वच्छ असलेला फोटो त्यांना आवडतो. त्यांची सूचना त्या चष्म्यातून येते हे ध्यानात ठेवून ऐका.

एकटा मार्गदर्शक, म्हणजे एखादे निवृत्त वृत्तछायाचित्रकार किंवा अनेक वर्षं एकाच विषयावर काम केलेल्या बाई, तुमच्या निवडीच्या मुळाशी जाऊ शकतात. हा फोटो का घेतला, शेजारचा का सोडला, तुम्ही उभे कुठे होता, असं ते विचारतात. म्हणून "काय दिसतं?" हे प्रश्न क्लबाला विचारा आणि "का निवडलं?" हे प्रश्न मार्गदर्शकाकडे न्या. उलट केलं तर दोघांचाही वेळ जातो.

२. एक ठिकाण, आठ फोटो

सहा ते आठ. त्याहून जास्त नेऊ नका. एका माणसाला बैठकीत साधारण दहा-बारा मिनिटं मिळतात. आठ फोटो शांतपणे बघायलाच सव्वा-दीड मिनिट जातं, आणि उरलेल्यात चार प्रश्नांवर धड बोलणं होतं.

"माझे सर्वोत्तम आठ" हा संच होत नाही. फुटाळ्याचा सूर्यास्त, भाचीचा वाढदिवस आणि ताडोबाचा वाघ एकत्र आणले, तर प्रत्येक फोटोला सुटी शाबासकी मिळते, पण तुमच्या सवयी कुणाला दिसत नाहीत. एकाच ठिकाणचे किंवा एकाच कामाचे आठ फोटो मांडले की सवय उघडी पडते : हा माणूस नेहमी लांब उभा राहतो, हा नेहमी पाठीमागून फोटो काढतो.

त्या मुलाचे आठ असे होते. (१) धुक्यात फाटकातून शिरणारे टेम्पो. (२) संत्र्यांचा ढीग ओतणारा हमाल. (३) ढिगाभोवती हर्रासाची गर्दी. (४) संत्रं दाबून बघणारा व्यापाऱ्याचा हात. (५) डोक्याला पोतं गुंडाळलेल्या हमालाचा चेहरा. (६) वहीत आकडे लिहिणारा मुनीम. (७) खाली बसून नासकी संत्री वेगळी काढणारी बाई. (८) रिकाम्या फरशीवर उरलेलं तणस. ही कहाणी हमालाची आहे, असं त्याच्या मनात होतं. हे त्याने एका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी खिशात ठेवली. तुम्हीही तसंच करा. एक वाक्य लिहा, दाखवू नका. त्याचा उपयोग पुढे आहे.

निवडताना आणखी एक काम करा, ते नवीन लोक हमखास सोडतात. ज्या दोन-तीन फोटोंबद्दल शंका आहे, त्यांच्या मागचे-पुढचे चार-पाच फोटो एका पानावर छोटे-छोटे करून छापून न्या. हे पान क्लबात दाखवायचं नाही. मार्गदर्शकाने मागितलं तर द्यायचं. चांगला मार्गदर्शक ते मागतोच.

३. फाइल आणि प्रिंट तयार करा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चुकलं तर निम्मी चर्चा रंगावरच संपते.

क्लबचा प्रोजेक्टर बहुधा १९२०×१०८० चा असतो. आधी विचारून घ्या आणि त्या मापात, sRGB मध्ये, जेपीजी फाइल काढा. नावं `01.jpg`, `02.jpg` अशी द्या, म्हणजे क्रम बिघडत नाही आणि सगळ्यांना आकड्याने बोलता येतं. फाइलच्या नावात "हमालाचे कष्ट" असलं काही लिहू नका, ते पडद्यावर दिसतं आणि उत्तर आधीच फुटतं.

उभ्या फोटोंची एक अडचण आहे. २:३ मापाचा आडवा फोटो या पडद्यावर १६२०×१०८० एवढा दिसतो, तर उभा फक्त ७२०×१०८०. म्हणजे निम्म्याहूनही लहान. "पाचवा जरा कमी पडतो" असं कुणी म्हणालं, तर तो फोटोचा दोष आहे की मापाचा, हे कळायला मार्ग नाही. म्हणून बर्डीवरच्या एखाद्या लॅबमधून आठही फोटो ६×९ इंचांत छापून आणा. मापं सारखी होतात, आणि टेबलावर मांडून क्रमही बदलता येतो.

आता रंग. संत्र्याच्या ढिगाच्या फोटोत लाल चॅनल सगळ्यांत आधी फुटतो. कॅमेऱ्यातला साधा पांढरा हिस्टोग्राम उजवीकडे टेकलेला दिसत नाही, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण तीन रंगांचा हिस्टोग्राम उघडला तर लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला असतो. फोटोत हे ओळखायची खूण सोपी आहे : संत्र्याच्या सालीवरचे बारीक खळगे नाहीसे होतात आणि गुळगुळीत केशरी डाग उरतो. रॉ फाइल असेल तर एक्स्पोजर थोडं उतरवून आणि नारंगीचं सॅच्युरेशन कमी करून साल बऱ्याचदा परत दिसू लागते. फक्त जेपीजी असेल तर गेलेलं सहसा परत येत नाही. हे घरीच बघून घ्या. नाहीतर तुमच्या दहा मिनिटांतली पाच "रंग जरा भडक झालाय" यात जातील, आणि ते तुम्हालाही आधीच माहीत असेल.

व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आली तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर फाइल दाबली जाते आणि समोरचा तुमच्या फोकसवर शंका घेतो.

४. प्रश्न लिहा : बघूनच उत्तर देता येईल असे

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. मुलाने पहिल्यांदा लिहून आणलेले प्रश्न होते : "फोटो कसे वाटले? काय सुधारू? मी डॉक्युमेंटरी करू शकेन का?" पहिल्याचं उत्तर शिष्टाचार आहे. दुसऱ्याला उत्तर द्यायला समोरच्याला तुमच्या मनातलं माहीत असावं लागतं. तिसरा धीर मागणारा आहे, आणि आपली माणसं धीर देतातच.

चांगल्या प्रश्नाची माझी कसोटी अशी. उत्तर देणाऱ्याला फक्त फोटो बघून उत्तर देता आलं पाहिजे, आणि उत्तर काहीही आलं तरी त्यावरून तुम्हाला पुढे काहीतरी करता आलं पाहिजे. त्या कसोटीवर घासून आम्ही हे चार प्रश्न तयार केले :

- आठही फोटो बघून इथे काय चाललंय ते एका वाक्यात सांगा.
- फोटो ३ मध्ये बोली पुकारणारा माणूस कोणता?
- आठांपैकी कोणता एक माणूस लक्षात राहिला?
- एक फोटो काढून टाकायचा झाला तर कोणता, आणि तो गेल्यावर काय कमी पडेल?

पहिला प्रश्न सगळ्या संचाचा आहे, तो पहिलाच राहू द्या. दुसरा प्रश्न आधी विचारला की सगळे फोटो ३ मध्ये माणूस शोधत बसतात आणि पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर हातातून जातं.

आणखी एक सापळा आहे. "फोटो २ मधला निळा ड्रम खटकतो का?" असं विचारलंत तर खटकतोच. तुम्ही बोट दाखवल्यावर तो कुणालाही दिसणार. त्याऐवजी "फोटो २ मध्ये नजर पहिल्यांदा कुठे जाते, आणि नंतर कुठे?" असं विचारा. कुणीच ड्रमचं नाव घेतलं नाही, तर तो तुमच्या डोक्यातच आहे.

चौथ्या प्रश्नातला दुसरा भाग कुणी विसरू देऊ नका. "सहावा काढा" हे नुसतं मत झालं. "सहावा काढला तर पैशाचा व्यवहार कुठेच दिसत नाही" यातून त्या फोटोचं काम काय ते कळतं.

५. सोबत काय न्यायचं

आठ फाइली पेन ड्राइव्हवर, आणि त्याच फोनमध्येही (पेन ड्राइव्ह ऐनवेळी रुसतो). आठ प्रिंट, मागे पेन्सिलीने क्रमांक. शेजारच्या फोटोंचं ते पान. प्रश्नांच्या पाच-सहा झेरॉक्स. कोऱ्या चिठ्ठ्या, दोन पेनं, वही. प्रत्येक फोटोची लेन्स, शटर आणि आयएसओ एका कागदावर, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही. माणसांचे चेहरे स्पष्ट दिसतात त्या फोटोंसाठी त्यांना विचारलं होतं की नाही, हेही लिहून ठेवा. जुनी वृत्तपत्रवाली मंडळी हे विचारतात, आणि ते योग्यच आहे.

६. बैठकीत : आधी गप्प

ओळख करून देताना नाव सांगा आणि थेट फोटो सुरू करा. पहाटे किती वाजता उठलात, थंडी किती होती, हमाल कसे ओरडले, यातलं काही नाही. फोटोत नसलेली मेहनत ऐकली की लोक मेहनतीला गुण देतात. शीर्षकही सांगू नका.

मग प्रत्येक फोटो आठ-दहा सेकंद, कुणीही न बोलता. आठही झाल्यावरच प्रश्नांच्या झेरॉक्स आणि चिठ्ठ्या वाटा, आणि पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बोलण्याआधी लिहून घ्या. क्लबात हे जरा अवघड वाटतं, "परीक्षा आहे का बे?" असं कुणीतरी म्हणतंच. तरी करा. कारण पहिला बोलणारा खोलीचा सूर ठरवतो. ज्येष्ठ सदस्य "गर्दीचा फोटो जबरदस्त" म्हणाले की त्यांच्यानंतर बोलणाऱ्या चौघांनाही तो जबरदस्त वाटू लागतो, आणि मागच्या रांगेतल्या गप्प बसणाऱ्या बाईंना काय दिसलं ते कधीच कळत नाही. चिठ्ठीत त्या बाईही बोलतात.

कुणी काही बोललं की त्याच शब्दांत लिहा. "तिसऱ्यात गडबड आहे" असं ऐकलं तर ते "कंपोझिशन सुधारायचं" असं करून लिहू नका. खुलासा द्यायचा मोह होईल. "तिथे जागाच नव्हती हो" हे वाक्य ओठांवर येईल. खुलाशाऐवजी विचारा : "गडबड कुठे वाटली, बोटाने दाखवता का?"

त्या मुलाच्या चिठ्ठ्या उघडल्या. पहिल्या प्रश्नावर सगळ्यांचं एकमत : घाऊक फळबाजार, सकाळचा लिलाव. म्हणजे ठिकाण पोहोचलं होतं. दुसऱ्या प्रश्नावर मात्र बहुतेकांनी पांढऱ्या टोपीवाल्याचं नाव लिहिलं. प्रत्यक्षात बोली पुकारत होता मागचा, मरून स्वेटर घातलेला अडत्याचा माणूस. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलाला अजिबात अपेक्षित नव्हतं. जवळपास प्रत्येकाला लक्षात राहिली ती संत्री निवडणारी बाई. हमालाचं नाव एकाच चिठ्ठीत होतं.

७. चिठ्ठ्या घेऊन मार्गदर्शकाकडे जा

क्लबाने काय दिसलं ते सांगितलं. का, हे अजून कळायचं होतं. म्हणून त्याच आठवड्यात तो प्रिंट, चिठ्ठ्या आणि शेजारच्या फोटोंचं पान घेऊन एका निवृत्त वृत्तछायाचित्रकार काकांकडे गेला. मीही सोबत होतो. इथे प्रश्न दोनच न्यायचे, आणि ते क्लबच्या उत्तरांतून निघालेले असावेत. त्याचे होते : "काका, बोली पुकारणारा दिसत का नाही?" आणि "हमालाऐवजी बाई का लक्षात राहते?"

काकांनी फोटो ३ हातात घेतला. सगळी डोकी एका रेषेत, कारण कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. लेन्स २८ मिमी, त्यामुळे जवळची टोपी मोठी आणि मागचा चेहरा बारका. त्यात टोपी हा फोटोतला सगळ्यांत उजळ भाग. नजर तिथे जाऊन थांबते. मग त्यांनी शेजारचं पान मागितलं, चष्मा वर केला आणि तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.

"हा कायले नाही घेतला?"

त्या चौकटीत मरून स्वेटरवाल्याने हात वर केला होता. सगळ्या डोक्यांच्या वर एकच हात.

"काका, डाव्या कडेला कोणाचं तरी कोपर येतं."

"येऊ दे ना. कोपर कापता येते. हात कुठून आनशील?"

फोटो ३ असा जागीच सुधारला, पुन्हा कळमन्यात न जाता. ते पान सोबत नसतं तर "गर्दीच्या फोटोत मुख्य माणूस ठळक हवा" एवढाच उपदेश घेऊन तो परतला असता.

दुसऱ्या प्रश्नासाठी काकांनी आठही प्रिंट टेबलावर मांडले आणि विचारलं, कॅमेरा किती उंचीवर होता ते प्रत्येकाखाली लिही. माणसांच्या फोटोंत, एक सोडून, उत्तर तेच : उभ्याने. बाईच्या फोटोसाठी तो खाली बसला होता, कारण ती बसलेली होती. त्यामुळे तिचा चेहरा, हात आणि संत्री एकाच पातळीवर आली, आणि मागे गर्दीऐवजी मोकळी फरशी राहिली. हमालाच्या चेहऱ्यामागे मात्र टेम्पो, ट्यूबलाइट आणि दोन अर्धवट माणसं होती. आता मुलाने खिशातली चिठ्ठी काढली. काका हसले. कहाणी हमालाची आहे हे चिठ्ठीत होतं, फोटोंत नव्हतं. दोन वाटा उरल्या : हमालांचे फोटो खाली बसून, स्वच्छ पार्श्वभूमी शोधून पुन्हा घ्यायचे, किंवा बाईला मध्यभागी घेऊन संच नव्याने बांधायचा. कोणती वाट घ्यायची हे काकांनी सांगितलं नाही, आणि चांगले मार्गदर्शक ते सांगत नाहीत.

८. ऐकलेलं गाळून घ्या

घरी आल्यावर वहीतल्या प्रत्येक वाक्यापुढे खूण करा : हे "दिसलं" आहे, "वाटलं" आहे, की "असं कर" आहे? "टोपीवाला बोलतोय असं दिसलं" यावर सगळ्यांत जास्त विश्वास ठेवा, विशेषतः दोन-तीन जणांनी एकमेकांचं न ऐकता तेच लिहिलं असेल तर. "असं कर" हे सगळ्यांत शेवटी वाचा. उपाय चुकीचा असला तरी त्यामागची तक्रार बहुतेकदा खरी असते.

फोटो २ बद्दल एका सॅलोनवाल्या सदस्याने सांगितलं होतं, "तो निळा ड्रम क्लोन करून काढून टाक." ड्रमचा उल्लेख न विचारता तिघांनी केला होता, म्हणजे तक्रार खरी. उपाय मात्र तपासून घ्यावा लागतो. सॅलोन स्पर्धांच्या फोटोजर्नालिझम आणि निसर्ग या विभागांत फोटोतली वस्तू पुसणं किंवा नवी घालणं नियमात बसत नाही. हा संच पुढे कधी तिथे पाठवायचा असेल तर ड्रम पुसून चालणार नाही. कडा कापता येतात का ते बघायचं, नाहीतर पुढच्या वेळी दोन पावलं उजवीकडे उभं राहायचं.

दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध आल्या तर मधला मार्ग काढत बसू नका. एकाला आठवा फोटो, ते रिकाम्या फरशीवरचं तणस, सुंदर शेवट वाटला आणि दुसऱ्याला ती जागा वाया गेलेली वाटली. अशा वेळी दोघांनी पहिल्या प्रश्नाला काय लिहिलं होतं ते बघा. ज्याने "लिलाव" लिहिलं त्याला लिलाव संपल्यानंतरचं काही नको होतं. ज्याने "पहाटेपासून दुपारपर्यंतचा बाजार" लिहिलं त्याला ते हवं होतं. त्या फोटोचा निकाल तुमचा संच कशाबद्दल आहे यावर लागतो.

९. दुसरी फेरी

बदल एका वेळी दोन-तीनच करा. सगळे आठ फोटो बदललेत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मुलाने फोटो ३ च्या जागी हात वर असलेली चौकट घेतली, हमालाचे दोन फोटो बसून नव्याने काढले, बाकीचे तसेच ठेवले.

दुसऱ्यांदा दाखवताना प्रश्न तेच ठेवा, माणसं मात्र निम्मी नवीन असू द्या. ज्यांनी आधी पाहिलंय त्यांना बोली पुकारणारा आता आपोआप सापडतो, कारण त्यांना तो माहीत असतो. त्यांच्याकडून फक्त क्रमाबद्दल विचारा. "बोली पुकारणारा कोण?" हे ज्याने कळमन्याचा फोटो आधी पाहिलाच नाही त्याला विचारा, आणि त्याची चिठ्ठी पहिल्या फेरीतल्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवून बघा.